पोटॅश खतातून पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य: प्रकल्प नोंदी, सोलापूर

१ डिसेंबर २०२५

बाजारात मिळणाऱ्या ०:०:६० खतातून, म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅशमधून, पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य काढायचे आहे. उसाला आणि डाळिंबाला हे खत जाते, त्यामुळे सोलापुरात कोणत्याही कृषी सेवा केंद्रात ते सुटे मिळते. साधने नेहमीची: महाविद्यालयीन प्रयोगशाळेतला जीएम काउंटर, मिलिग्रॅमपर्यंतचा तराजू, एक थॅलियम-२०४ चा सीलबंद स्रोत आणि भरपूर वेळ.

अर्धायुष्याचा प्रयोग म्हटले की काउंट रेट घ्यायचा, `ln R` विरुद्ध `t` आलेख काढायचा आणि रेषेच्या उतारावरून λ वाचायचा, ही पद्धत डोळ्यांसमोर येते. बेरियम-१३७एमसारख्या अडीच मिनिटांच्या समस्थानिकाला ती शोभते. पोटॅशियमला लावली तर रेषा आडवीच येते. समजा महिनाभराच्या अंतराने एक टक्का अचूकतेची दोन मापे घेतली आणि त्यांत फरक दिसला नाही. यावरून इतकेच म्हणता येते की अर्धायुष्य साधारण सहा वर्षांपेक्षा जास्त आहे. खरा आकडा त्याच्या कोट्यवधी पट पुढे आहे.

म्हणून मूळ समीकरणाकडे जायचे.

```
dN/dt = -λN
λ = |dN/dt| / N
T = ln 2 / λ = 0.693 / λ
```

पहिली ओळ सांगते की दर सेकंदाला फुटणाऱ्या केंद्रकांची संख्या ही त्या क्षणी शिल्लक असलेल्या केंद्रकांच्या प्रमाणात असते. यात भूतकाळ कुठेच नाही. केंद्रक किती जुने आहे याचा त्याच्या फुटण्याशी संबंध नसतो, आणि λ म्हणजे एका केंद्रकाची एका सेकंदात फुटण्याची शक्यता. त्यामुळे घट होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. आज नमुन्यात किती केंद्रके आहेत ते मोजायचे, आज सेकंदाला किती फुटतात ते मोजायचे, आणि भागायचे. रसायनशास्त्र N देते, काउंटर `dN/dt` देतो. पहिले सोपे आहे. या प्रकल्पातली जवळजवळ सगळी मेहनत दुसऱ्यासाठी आहे.

४ डिसेंबर

नमुना आणि N.

खत ११० अंशांवर ओव्हनमध्ये चार तास वाळवले, खलात बारीक केले, चाळून हवाबंद बाटलीत भरले. न वाळवलेल्या खतात ओलावा असतो. वजनात पाणी मोजले गेले तर N फुगतो आणि λ तेवढ्या प्रमाणात कमी येतो.

यापेक्षा मोठी चूक पिशवीवरच्या ६० या आकड्यात होते. तो ६० टक्के पोटॅशियम नाही आणि ६० टक्के पोटॅशियम क्लोराइडही नाही. खतांच्या पद्धतीप्रमाणे तो `K2O` मध्ये सांगितलेला आकडा आहे, जरी पिशवीत `K2O` नावाला नसले तरी. शुद्ध `KCl` या हिशोबाने ६३.२ टक्के भरते, म्हणजे हे खत साधारण ९५ टक्के `KCl` आहे. `K2O` मध्ये पोटॅशियमचा वजनी वाटा ०.८३०. पृथ्वीवरच्या पोटॅशियममधला पोटॅशियम-४० चा वाटा ०.०११७ टक्के. एका ग्रॅम खतासाठी:

```
K      = 0.60 × 0.830 = 0.498 g
K अणू  = 0.498 / 39.10 × 6.022e23 = 7.67e21
K-40   = 7.67e21 × 1.17e-4 = 8.98e17
```

६० टक्के हे थेट पोटॅशियम धरले असते तर N वीस टक्क्यांनी जास्त आला असता आणि अर्धायुष्यही तितकेच लांबले असते. ही चूक काउंटरवर दिसत नाही. आलेख सुंदर येतो, उत्तर मात्र सरकलेले असते.

८ डिसेंबर

काउंटर आणि बॅकग्राउंड.

ट्यूब एंड-विंडो प्रकारची आहे, अभ्रकाची खिडकी २५ मिमी व्यासाची. खिडकी इतकी पातळ असते की बोट लागले तरी ट्यूब जाते, म्हणून नमुना नेहमी खालून ट्रेमध्ये सरकवायचा. व्होल्टेज प्लॅटोच्या मध्यावर ठेवले. डेड टाइम, म्हणजे एका काउंटनंतर ट्यूब दुसरा कण पाहू शकत नाही तेवढा वेळ, दोन स्रोतांच्या पद्धतीने १२० मायक्रोसेकंद आला. खताच्या मापांत तो नगण्य आहे, थॅलियमच्या मापांत एक ते दीड टक्क्याची दुरुस्ती देतो.

बॅकग्राउंड ६० मिनिटे घेऊन मिनिटाला २२ काउंट मिळाले. इथला काळा बेसॉल्ट ग्रॅनाइटच्या मानाने पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम या तिन्हींत गरीब आहे. त्यामुळे दगडी भिंतीच्या खोलीतही हा आकडा बेताचाच राहिला. नमुन्याचे काउंट बॅकग्राउंडच्या आसपासच असणार आहेत, त्यामुळे बॅकग्राउंडला नमुन्याइतकाच वेळ दिला पाहिजे आणि ते रोज नव्याने घेतले पाहिजे.

खताची पिशवी या खोलीत ठेवू नये. ५० किलोच्या पिशवीतून सेकंदाला सुमारे ८४ हजार गॅमा किरण निघतात. त्यांतले काही पिशवीतच शोषले जातात आणि जीएम ट्यूब गॅमाला मंद असते, तरी मीटरभर अंतरावरच्या पिशवीने मिनिटाला एक-दोन काउंट वाढू शकतात. ०.१ ग्रॅम नमुना एकूण नऊच काउंट देतो, तेव्हा हा फरक सोडून देण्यासारखा नाही. पिशवी आत-बाहेर होत राहिली तर बॅकग्राउंड दिवसागणिक हलते. तसे दिसल्यास आधी खोलीत काय बदलले ते पाहावे.

१३ डिसेंबर

स्वशोषण.

पोटॅशियम-४० चे बीटा कण कमाल १.३१ एमईव्ही ऊर्जेचे. जाड थरात खालच्या भुकटीतून निघालेला कण वरच्या भुकटीतच अडकतो. म्हणून जास्त खत घेतले की जास्त काउंट मिळतील हा अंदाज लवकरच फसतो. नमुने २५ मिमी व्यासाच्या (क्षेत्रफळ ४.९१ चौ. सेमी) ॲक्रिलिकच्या खळग्यात पसरले. प्रत्येक नमुन्याचा वरचा पृष्ठभाग खिडकीपासून बरोबर १० मिमीवर राहील अशा चकत्या खाली लावल्या. हे केले नाही तर दोन ग्रॅमचा थर चारेक मिलिमीटर वर येतो आणि नुसत्या जवळिकीने काउंट वाढतात.

पातळ थर सारखा पसरायला भुकटीत स्पिरिटचे थेंब टाकून पातळ लगदा केला आणि दिव्याखाली वाळवला. थर सारखा बसला की नाही हे कळण्यासाठी एकच वजन तीनदा पसरून मोजावे. तिन्ही मापांतला फरक एकूण काउंटच्या वर्गमूळाच्या मर्यादेपेक्षा मोठा निघाला तर गुठळ्या आहेत.

प्रत्येक माप ६० मिनिटांचे. बॅकग्राउंड वजा करून:

```
m (g)    R (काउंट/मिनिट)    R/m
0.10      9.2               92
0.25     20.5               82
0.50     30.6               61
1.00     40.4               40
2.00     44.1               22
```

वजन वीसपट झाले, काउंट जेमतेम पाचपट. आपल्याला हवा आहे तो स्वशोषण नसताना एका ग्रॅममागचा दर, म्हणजे m शून्याकडे जाताना `R/m` ची किंमत. पण सर्वांत पातळ नमुन्यातच टक्केवारीतली चूक सर्वांत मोठी आहे (९.२ मध्ये जवळजवळ १), म्हणून एकट्या त्या मापावर भिस्त ठेवता येत नाही. सगळी मापे एका वक्रात बसवायची:

```
R = R∞ (1 - exp(-km))
सुरुवातीचा उतार = R∞ · k
```

`R∞` म्हणजे थर कितीही जाड केला तरी ज्याच्या पुढे काउंट जात नाहीत तो दर; दोन ग्रॅमच्या मापावरून तो ४४ धरला. मग `ln(1 - R/R∞)` विरुद्ध m ही सरळ रेषा यायला हवी. चार नमुन्यांतून k च्या किमती २.३५, २.५१, २.३८ आणि २.५० आल्या, सरासरी २.४३ प्रति ग्रॅम. सुरुवातीचा उतार ४४ × २.४३ = १०७ काउंट प्रति मिनिट प्रति ग्रॅम, म्हणजे सेकंदाला १.७८. एक ग्रॅमवरून काढलेला k मात्र `R∞` च्या किंचित बदलानेही उड्या मारतो, म्हणून मुख्य वजन पाव आणि अर्ध्या ग्रॅमला द्यावे.

इथे दुसरे घातांकी समीकरण आले आहे. प्रत्येक पातळ थर त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या बीटांचा ठरावीक वाटा गिळतो, म्हणून `dI/dx = -μI`. आकार तोच, पण हा μ लांबीशी आणि पदार्थाशी बांधलेला आहे, तर λ काळाशी आणि केंद्रकाशी. भुकटी दाबली, दळली, विरघळवली तरी λ तिथेच राहतो. k ला क्षेत्रफळाने गुणले की μ सुमारे १२ चौ. सेमी प्रति ग्रॅम येतो. १.३१ एमईव्हीच्या बीटांसाठी हीच किंमत अपेक्षित असते, म्हणजे वक्र विश्वासाचा आहे.

१७ डिसेंबर

एफिशियन्सी. शंभर बीटा निघाले तर किती मोजले जातात?

यासाठी थॅलियम-२०४ चा स्रोत वापरला. त्यावर छापले आहे: ३.७ किलोबेक्वेरल, डिसेंबर २०१७. या ओळीतली तारीख आकड्याइतकीच महत्त्वाची. थॅलियम-२०४ चे अर्धायुष्य ३.७८ वर्षे आहे आणि मधे आठ वर्षे गेली आहेत.

```
λ = 0.693 / 3.78 = 0.1834 प्रति वर्ष
A = 3700 × exp(-0.1834 × 8) = 853 Bq
```

दोनपेक्षा थोडी जास्त अर्धायुष्ये उलटली, म्हणून चौथ्या भागापेक्षा थोडे कमी उरले. तोंडी तपासणी अशी करून मगच कॅल्क्युलेटरवर विश्वास ठेवावा. थॅलियम ९७.१ टक्के वेळा बीटा सोडते, म्हणजे आज सेकंदाला ८२८ बीटा.

स्रोताचा सक्रिय ठिपका लहान आहे आणि खत २५ मिमीच्या चकतीवर पसरलेले. ठिपका फक्त मध्यभागी ठेवून मोजले तर एफिशियन्सी जास्त दिसते, कारण कडेचे खत खिडकीकडे तिरके पाहते. म्हणून चकतीचे समान क्षेत्रफळाचे तीन पट्टे कल्पून ठिपका केंद्रापासून ५.१, ८.८ आणि ११.४ मिमीवर ठेवला. बॅकग्राउंड आणि डेड टाइमच्या दुरुस्तीनंतर सेकंदाला १२६.७, १०६.० आणि ८७.८ काउंट आले. सरासरी १०६.८, एफिशियन्सी ०.१२९.

थॅलियमचे बीटा मवाळ आहेत, कमाल ०.७६ एमईव्ही. हवा आणि अभ्रक मिळून त्यांतले सुमारे ८ टक्के अडतात, पोटॅशियमचे सुमारे ४ टक्के. म्हणून पोटॅशियमसाठी ०.१२९ × ०.९६ / ०.९२, म्हणजे सुमारे ०.१३४ ही एफिशियन्सी धरली.

छापील ३७०० तसाच वापरला असता तर एफिशियन्सी ०.०३१ आली असती, आणि पोटॅशियमचे अर्धायुष्य खऱ्याच्या चौथ्या हिश्शाजवळ, ३० कोटी वर्षे. हे पकडायचे कसे? भूमिती विचारावी. १० मिमीवरच्या २५ मिमी खिडकीचा घनकोन या चकतीसाठी सरासरी पूर्ण गोलाच्या ०.१४६ पट निघतो. ०.१२९ त्याच्या किंचित खाली आहे, खिडकीतल्या शोषणाने तेवढी घट होणारच. ०.०३१ यायला अभ्रकाने जवळपास चार पंचमांश बीटा गिळावे लागतील, जे शक्य नाही.

२० डिसेंबर

भागाकार.

```
β प्रति सेकंद प्रति ग्रॅम = 1.78 / 0.134 = 13.3
एकूण क्षय = 13.3 / 0.893 = 14.9
λ = 14.9 / 8.98e17 = 1.66e-17 प्रति सेकंद
T = 0.693 / 1.66e-17 = 4.18e16 s = 1.32e9 वर्षे
```

१.३२ अब्ज वर्षे. प्रस्थापित किंमत १.२५ अब्ज.

दुसऱ्या ओळीतल्या ०.८९३ वर थांबायला हवे. पोटॅशियम-४० ला दोन वाटा आहेत. ८९.३ टक्के वेळा ते बीटा सोडून कॅल्शियम-४० होते. उरलेल्या १०.७ टक्के वेळा इलेक्ट्रॉन ओढून घेऊन आर्गॉन-४० होते आणि बहुतेक वेळा १.४६ एमईव्हीचा गॅमा सोडते. आपली ट्यूब पहिली वाटच पाहते. पण N कमी होतो तो दोन्ही वाटांनी:

```
dN/dt = -(λβ + λε) N
```

दरांची बेरीज होते, अर्धायुष्यांची होत नाही. नमुन्याला अर्धायुष्य एकच, आणि ते बेरजेच्या λ वरूनच काढायचे. फक्त बीटांवर थांबलो असतो तर १.४८ अब्ज वर्षे आली असती. हा आकडा अगदीच वेडावाकडा वाटत नाही, म्हणूनच ही चूक निसटते.

`T = 1/λ` अशीही गफलत नेहमी दिसते. `1/λ` हे सरासरी आयुष्य आहे, अर्धायुष्याच्या १.४४ पट. तितक्या काळानंतर निम्मे उरत नाही, ३७ टक्के उरते.

अनिश्चितता: स्रोतावरची किंमत ±१० टक्के, आलेखाचा उतार ±६ टक्के, बाकीचे किरकोळ. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले की १२ टक्के, म्हणजे १.३२ ± ०.१६ अब्ज वर्षे. काउंट आणखी महिनाभर घेतले तरी उत्तर फारसे सुधारणार नाही, कारण १० टक्के लेबलमध्येच अडकले आहेत. अधिक अचूकता हवी तर प्रमाणित स्रोत हवा.

हा λ किती लहान आहे ते पायाखालच्या खडकावरून कळते. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजला. तेव्हापासून त्यातले पोटॅशियम-४० जेमतेम ३.६ टक्क्यांनी कमी झाले आहे. त्यातल्या दहाव्या हिश्शाहून थोडे अधिक आर्गॉन झाले आणि खडकातच अडकून राहिले. अशा खडकांचे वय त्याच आर्गॉनच्या मापनातून काढतात.

२ जानेवारी २०२६

N बदलून पाहणे.

आतापर्यंत `dN/dt` हा N च्या प्रमाणात असतो हे गृहीत धरून भागाकार केला. ते तपासलेही पाहिजे. काळ N बदलू देत नाही, तर आपण बदलायचा. ठिबकसाठी विकली जाणारी खते यासाठी सोयीची आहेत: ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट), १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट), १९:१९:१९, आणि पोटॅशियम मुळीच नसलेला युरिया. प्रत्येकाचे ०.२५ ग्रॅम, तोच खळगा, तीच उंची, ६० मिनिटे. थराची जाडी सारखी आणि सगळी हलकी मूलद्रव्ये, त्यामुळे स्वशोषण जवळपास सारखेच.

```
K2O %    R (काउंट/मिनिट, ±1.0)
60       20.5
50       16.4
45       15.9
19        7.1
0        -0.4
```

युरियाचा उणे आकडा खोडू नये आणि शून्य करू नये. बॅकग्राउंडच्या चढउतारात तो यायचाच, आणि तो ± १.० च्या आत आहे. पोटॅशियम नसताना काउंट नाहीत, हेच तो सांगतो. १९:१९:१९ दमटपणा ओढते, त्यामुळे ते वाळवून लगेच तोलावे, आणि वाळवताना तापमान ६० अंशांवर ठेवावे. त्यातला युरिया १३० अंशांच्या पुढे वितळतो, पण मिश्रण त्याआधीच चिकट होते.

आरंभबिंदूतून जाणारी रेषा बसवली तर उतार ०.३४२ काउंट प्रति मिनिट प्रति टक्का येतो. सर्व बिंदू रेषेपासून एका प्रमाण विचलनाच्या आत आहेत, आणि ६० टक्क्यांवर रेषा पुन्हा २०.५ देते. क्लोराइड, सल्फेट की नायट्रेट, याने रेषा हललेली नाही. पाव ग्रॅमच्या मापातली ५ टक्के अनिश्चितता सगळ्या खतांची रेषा मिळून सुमारे ३ टक्क्यांवर आली आहे. λ ची किंमत १.६६ × 10⁻¹⁷ प्रति सेकंद अशीच ठेवली आहे. प्रमाणित स्रोत मिळाला की १७ डिसेंबरची तीन मापे तेवढी पुन्हा घ्यायची, बाकीचे तक्ते तसेच चालतील.